कलम आणि त्याचे परंतुक
एका विद्यार्थ्यास विधीच्या अध्यापकाचे पत्र

विधीच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात विद्यार्थ्याला जी भीती वाटते, ती बहुधा मोठ्या सिद्धांतांची नसते. सिद्धांत व्याख्यानातून समजतात. भीती वाटते ती अधिनियमाच्या छापील पानाची. एकेक वाक्य अर्धे पान चालते, मध्येच ‘परंतु असे की’ हे शब्द येतात, आणि आधी जे वाचले ते खरे की नंतर जे आले ते खरे, हे कळेनासे होते. ‘परंतु असे की’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या अशा भागाला परंतुक म्हणतात. येथे ज्या पत्राचा परिचय करून द्यावयाचा आहे, ते दिल्लीतील एका अध्यापकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत, १६ जून रोजी, आपल्या अशाच एका विद्यार्थ्याला लिहिले होते. विद्यार्थी करोल बागेत राहणारा, सांगली जिल्ह्यातील विटा परिसरातून दिल्लीत आलेल्या एका गलाई व्यावसायिकाचा मुलगा. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हा व्यवसाय करीत त्या भागातील अनेक कुटुंबे देशभर पसरली आहेत. अजमल खान मार्गापासून थोड्या अंतरावरील एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या दोन खोल्यांत हे कुटुंब भाड्याने राहत होते. भाडे दरमहा ६०० रुपये.

मे महिन्यात घरमालकाची नोटीस आली. मुलगा विधीचा विद्यार्थी, म्हणून वडिलांनी ती त्याच्यापुढे ठेवली. त्याने दिल्ली भाडे नियंत्रण अधिनियम, १९५८ याचे १४वे कलम उघडले. पहिले वाक्य वाचून तो वडिलांना म्हणाला, की आपल्याला कोणीही काढू शकत नाही. त्याच रात्री पुढचे परंतुक वाचल्यावर त्याला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरे पोटकलम वाचून त्याचा जीव पुन्हा भांड्यात पडला. तरीही मनाची शांती होईना, म्हणून त्याने अध्यापकांना विचारले, “सर, एकाच कलमात तीन गोष्टी सांगितल्या आहेत. यांतली खरी कोणती?”

अध्यापकांनी उत्तराला आरंभ केला तो कलमापासून नव्हे, तर त्याच्या मागील एका प्रश्नापासून. हा अधिनियम या खोल्यांना लागू आहे काय? १९८८ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ज्या जागेचे मासिक भाडे ३,५०० रुपयांहून अधिक आहे, ती जागा ३ऱ्या कलमान्वये त्याच्या कक्षेबाहेर गेली. भाडे ६०० रुपये असल्याने येथे शंका नव्हती. परंतु ते ३,६०० असते, तर १४व्या कलमाचा एकही शब्द वाचण्याचे कारण उरले नसते. त्याच संदर्भात त्यांनी आणखी एक सावधगिरीची सूचना दिली आहे. दिल्लीच्या पदपथावरील पुस्तकांत १९९५ चा दिल्ली भाडे अधिनियमही मिळतो. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, तो छापला गेला, परंतु तो अंमलात आणण्याची अधिसूचना काही निघाली नाही. असे पुस्तक हाती आल्यास मनुष्य जो कायदा कधी जिवंतच झाला नाही तो पाठ करीत बसावयाचा.

त्यानंतर ते मुख्य वाक्याकडे वळतात. १४व्या कलमाच्या पहिल्या पोटकलमाचा आशय असा आहे : अन्य कोणत्याही कायद्यात किंवा करारात विरुद्ध असे काहीही असले तरी, कोणतेही न्यायालय किंवा भाडे नियंत्रक, घरमालकाच्या बाजूने व भाडेकरूच्या विरुद्ध, जागेचा कब्जा परत मिळवून देणारा आदेश किंवा हुकूमनामा करणार नाही. अध्यापक विचारतात, हे वाक्य कोणाला उद्देशून आहे? विद्यार्थ्याने ते भाडेकरूला दिलेले अभयवचन समजून वाचले होते. वस्तुतः ते न्यायालयाला व नियंत्रकाला घातलेले बंधन आहे. भाडेकरूला मिळते ते संरक्षण या बंधनातून, आणि म्हणून हे बंधन जेथे सैल होते तेथे संरक्षणही तेवढेच सैल होते. ‘करारात काहीही असले तरी’ हे शब्दही लक्षात घ्यावयास हवेत. अकरा महिन्यांनी जागा सोडण्याचे भाडेकरूने लिहून दिले असले, तरी केवळ त्या लिखाणाच्या जोरावर कब्जा मिळत नाही.

आता परंतुक. त्याचा आरंभ असा : परंतु असे की, विहित रीतीने आपल्याकडे अर्ज करण्यात आल्यावर नियंत्रक, पुढील कारणांपैकी एका किंवा अधिक कारणांवरूनच, जागेचा कब्जा परत मिळवून देण्याचा आदेश करू शकेल. यानंतर (ए), (बी), (सी) असे खंड येतात आणि ते दोन-तीन पाने चालतात. विद्यार्थ्याला भीती वाटली ती या लांबीची. मुख्य नियम चार ओळींचा आणि अपवाद चार पानांचा, तेव्हा नियमात उरले काय, असे त्याने लिहिले होते.

अध्यापकांचे उत्तर असे, की परंतुकाचे माप त्याच्या लांबीवरून घेऊ नये. या परंतुकाच्या पहिल्या वाक्यातच त्याला तीन कुंपणे घातलेली आहेत. मुख्य वाक्यात न्यायालय आणि नियंत्रक असे दोघे होते. परंतुकात एकटा नियंत्रक आहे. म्हणजे बंधन दोघांवर, सवलत एकालाच. दुसरे कुंपण अर्जाचे : नियंत्रक आपण होऊन काही करू शकत नाही. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे, ‘कारणांवरूनच’ या शब्दातील ‘च’. या एका अक्षराने यादी बंद होते. घरमालकाला जास्त भाडे हवे आहे, भाडेकरूशी त्याचे पटत नाही, किंवा भाडेकरूची मुले जिन्यात आरडाओरडा करतात, ही कारणे कितीही खरी असली तरी यादीत नाहीत, म्हणून ती चालत नाहीत. जे कारण यादीत आहे त्याचाही प्रत्येक शब्द घरमालकाने सिद्ध करावयाचा असतो; भाडेकरूने ते खोडून काढण्याची पाळी त्यानंतर येते.

जुन्या पाठ्यपुस्तकांत परंतुक म्हणजे अपवाद एवढेच सांगितलेले असते. येथे अध्यापक किंचित थांबून सांगतात, की ते पुरेसे नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सुंदरम पिल्लै विरुद्ध पट्टाभिरामन या प्रकरणात परंतुकाची चार निरनिराळी कामे सांगितली. ते मुख्य तरतुदीला मर्यादा घालते किंवा तिच्यातून काही वगळते. ते काही अनिवार्य अटी घालून मुख्य तरतुदीचा रोखच बदलू शकते. ते मुख्य तरतुदीशी इतके एकजीव होते, की तिचाच भाग बनते. आणि कधी ते केवळ मुख्य तरतुदीचा खरा हेतू स्पष्ट करण्यासाठी जोडलेले असते. हे प्रकरणही भाड्याचेच होते, तमिळनाडूच्या भाडे कायद्याखालचे, आणि भाडे थकविण्यासंबंधीचेच. दिल्लीच्या १४(१) मधील परंतुक वाचताना तिसरा प्रकार मनात ठेवावा, असे ते सुचवितात. परंतुक झाकून मुख्य वाक्य वाचल्यास कायदा कळत नाही, आणि मुख्य वाक्य विसरून परंतुक वाचल्यासही कळत नाही. ‘बंद यादीखेरीज कब्जा नाही’ हा अर्थ दोन्ही मिळूनच होतो.

हाच मजकूर महाराष्ट्राने निराळ्या रीतीने मांडला आहे, हे सांगावयास ते विसरत नाहीत, कारण विद्यार्थ्याच्या एका पुण्याच्या नातेवाइकाने त्याला फोनवर धीर दिला होता, की नोटिशीनंतर नव्वद दिवस मिळतात. ते महाराष्ट्रात खरे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये थकबाकीचा विषय १५व्या कलमात आहे, कब्जा मिळण्याची इतर कारणे १६व्या कलमात आहेत, आणि थकलेल्या भाड्याच्या मागणीची नोटीस दिल्यावर नव्वद दिवस लोटल्याखेरीज दावा लावता येत नाही. तेथे ही कारणे परंतुकात नसून स्वतंत्र कलमांत आहेत. परंतु करोल बागेतील खोलीला पुण्याचा कायदा लागत नाही. नातेवाइकाचा धीर प्रेमाचा होता, पण तो मानला असता तर खोल्या गेल्या असत्या.

कारण दिल्लीत मुदत दोन महिन्यांची आहे. येथून पत्राचा मुख्य भाग सुरू होतो. परंतुकाचा खंड (ए) असा : नोटीस बजावली गेल्याच्या दिनांकापासून दोन महिन्यांच्या आत, भाडेकरूने त्याच्याकडून कायद्याने वसूल होण्याजोगी भाड्याची संपूर्ण थकबाकी दिलीही नाही आणि देऊही केली नाही, आणि नोटीस मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या १०६व्या कलमात सांगितलेल्या रीतीने बजावलेली असावी. अध्यापक विद्यार्थ्याला कागदावर या खंडाचे तुकडे करावयास सांगतात आणि प्रत्येक तुकड्यापुढे घरातील वस्तुस्थिती लिहावयास सांगतात. त्यांनी स्वतः केलेली मांडणी पुढीलप्रमाणे आहे.

नोटिशीवर दिनांक होता ३ मे. मालकाच्या माणसाने ती ९ मे रोजी घरी आणून दिली, आणि ती घेतली विद्यार्थ्यानेच. वडील तेव्हा विट्याला गेले होते, ते १४ तारखेला परतले. विद्यार्थ्याची समजूत अशी, की भाडेकरू वडील आहेत, तेव्हा नोटीस त्यांना १४ मे रोजी पोचली. अध्यापकांनी त्याला १०६वे कलम उघडावयास लावले. त्या कलमाप्रमाणे लेखी व सही केलेली नोटीस टपालाने पाठविता येते, संबंधित व्यक्तीच्या हाती देता येते, किंवा तिच्या निवासस्थानी तिच्या कुटुंबातील एखाद्या व्यक्तीच्या वा नोकराच्या हाती देता येते. आणि हे शक्य नसल्यास मालमत्तेच्या ठळक भागावर लावता येते. मुलगा हा कुटुंबातीलच व्यक्ती. तेव्हा नोटीस बजावली गेली ती ९ मे रोजीच. नोटिशीवरील ३ तारखेला महत्त्व नाही आणि वडिलांच्या परतण्याच्या १४ तारखेलाही नाही. महिना म्हणजे इंग्रजी पंचांगाचा महिना, हे साधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ ने ठरविलेले आहे. साठ दिवस मोजत बसावयाचे नाही. ९ मे हा दिवस सोडून मोजले असता दोन महिने ९ जुलै रोजी संपतात. परंतुकात अडकलेल्या एका निर्देशामुळे दुसऱ्याच अधिनियमाचे पान उघडावे लागले, आणि ते न उघडता शेवटचा दिवस पाच दिवसांनी चुकला असता.

नंतरचा तुकडा ‘कायद्याने वसूल होण्याजोगी’ हा. नोटिशीत सप्टेंबर ते एप्रिल अशा आठ महिन्यांचे ४,८०० रुपये मागितले होते. अधिनियमाच्या २६व्या कलमाप्रमाणे भाडे कराराने ठरलेल्या वेळी, आणि तसे काही ठरलेले नसल्यास पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावयाचे असते. या कुटुंबाचा लेखी करार नव्हता आणि दुसरी कोणतीही तारीख ठरलेली नव्हती. तेव्हा नोटिशीच्या वेळी एप्रिलचे भाडे थकलेलेच नव्हते. ते १५ मेपर्यंत देता येत होते. खरी थकबाकी सप्टेंबर ते मार्च या सात महिन्यांची, ४,२०० रुपये. येथे अध्यापक लिहितात, “मागणी ६०० रुपयांनी अधिक आहे, हे तुला सापडले याचा आनंद करू नकोस. मधल्या काळात एप्रिलचे भाडेही देय झाले आहे आणि काल मेचेही झाले. मुद्दा जिंकून खोली गमावण्याची हौस पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फार असते.” याच तुकड्याचा दुसरा उपयोगही ते दाखवितात. भाड्याच्या थकबाकीसाठी मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे तीन वर्षांची मुदत आहे. घरमालकाने पाच वर्षांचे भाडे मागितले असते, तर मुदतीबाहेर गेलेला भाग ‘कायद्याने वसूल होण्याजोगा’ राहिला नसता.

मग ‘संपूर्ण’. वडिलांनी २० मे रोजी मालकाला ३,००० रुपये रोख नेऊन दिले होते आणि उरलेले दिवाळीपर्यंत फेडू असे तोंडी ठरविले होते. मालक ‘ठीक आहे’ म्हणाला होता. कुटुंबाला वाटले, विषय मिटला. परंतु खंडात ‘संपूर्ण थकबाकी’ म्हटले आहे. ४,२०० पैकी ३,००० म्हणजे संपूर्ण नव्हे. १,२०० रुपये बाकी राहतात, आणि या १,२०० रुपयांसाठी खंड (ए) तसाच उभा राहतो, जसा तो ४,२०० साठी राहिला असता. मालकाचे तोंडी ‘ठीक आहे’ सिद्ध कसे करणार, हा निराळाच प्रश्न.

शेवटी ‘दिलीही नाही आणि देऊही केली नाही’. येथे भाडेकरूच्या बाजूचा एक मोठा आधार दडलेला आहे, आणि घाईने वाचणाऱ्याला तो दिसत नाही. कारण सिद्ध होण्यासाठी दोन्ही गोष्टी नसाव्या लागतात. भाडेकरूने संपूर्ण रक्कम मुदतीत देऊ केली आणि मालकाने ती नाकारली, तर भाडेकरूने ती ‘दिली’ नसली तरी ‘देऊ केली’ आहे, आणि खंड (ए) पुरा होत नाही. म्हणून रक्कम अशा रीतीने द्यावी, की नकाराचाही पुरावा राहील. रोख रक्कम जिन्यात उभे राहून देण्यापेक्षा मालकाच्या नावाचा बँकेचा डिमांड ड्राफ्ट स्पीड पोस्टने, सोबत कोणत्या महिन्यांचे किती याचे पत्र जोडून, पाठवावा. पाकीट परत आल्यास ते न फोडता ठेवावे.

एवढे झाल्यावर विद्यार्थी ज्या दुसऱ्या पोटकलमावर विसंबून होता, त्याकडे ते येतात. १४(२) म्हणते, की १५व्या कलमाने आवश्यक केल्याप्रमाणे भाडेकरूने रक्कम दिली किंवा जमा केली, तर खंड (ए) मधील कारणावरून कब्जाचा आदेश केला जाणार नाही. आणि १५वे कलम काय सांगते? थकबाकीचा अर्ज चालू असताना नियंत्रक उभय पक्षांना ऐकून, थकबाकीची रक्कम एका महिन्याच्या आत देण्याचा वा जमा करण्याचा, आणि पुढील भाडे दर महिन्याला १५ तारखेपर्यंत देत राहण्याचा आदेश करतो. म्हणजे नोटिशीचे दोन महिने चुकले, अर्ज दाखल झाला, तीस हजारीच्या न्यायालयात तारीख पडली, तरीही भाडेकरूला आणखी एक दार उघडे असते. विद्यार्थ्याने वडिलांना हेच सांगितले होते : काळजी नको, न्यायालयात गेल्यावरही एक महिना मिळतो.

त्याने पोटकलम वाचले होते, पण त्याच्याखालचे परंतुक वाचले नव्हते. तेथे म्हटले आहे : परंतु असे की, एखाद्या जागेच्या बाबतीत असा लाभ एकदा मिळाल्यानंतर भाडेकरूने त्याच जागेचे भाडे देण्यात पुन्हा लागोपाठ तीन महिने कसूर केली, तर तो या पोटकलमाखालील लाभास हक्कदार असणार नाही. आणि विद्यार्थ्याने आपल्या पत्राच्या अखेरीस, जणू एखादी किरकोळ बाब म्हणून, लिहिले होते, की काही वर्षांपूर्वीही असाच अर्ज झाला होता, वडिलांनी नियंत्रकाच्या आदेशाप्रमाणे पैसे भरले होते आणि प्रकरण मिटले होते; तो आदेश ट्रंकेत आहे.

अध्यापकांनी या एका ओळीखाली दोनदा रेघ मारून ती विद्यार्थ्याला परत पाठविली. दोन्ही प्रकरणे याच खोल्यांची आहेत. पहिल्या वेळी लाभ घेतला गेला आहे. या वेळची कसूर सात महिने सलग आहे, तीन महिन्यांची अट कधीच ओलांडली गेली आहे. तेव्हा १४(२) चे दार या कुटुंबासाठी बंद आहे. ज्या कुटुंबाला ९ जुलै ही पहिली मुदत वाटत होती, त्याच्यासाठी तीच अखेरची होती.

दोन परंतुके एकाच पानावर आहेत, परंतु ती विरुद्ध दिशांनी काम करतात, हे समजावून देताना पत्राचा सूर अधिक सावकाश होतो. मुख्य वाक्य भाडेकरूच्या बाजूचे. पहिले परंतुक त्यातून घरमालकाला वाट देते. १४(२) ती वाट थकबाकीपुरती पुन्हा अडविते, म्हणजे भाडेकरूच्या बाजूचे. त्याच्याखालचे परंतुक हा अडथळा दुसऱ्यांदा कसूर करणाऱ्यापुरता काढून घेते. परंतुक नेहमी भाडेकरूच्या विरुद्ध किंवा नेहमी त्याच्या बाजूने असते, असा नियम नाही. ते ज्या वाक्याला जोडलेले असते, त्याच्यातून ते काढून घेते, आणि बहुधा त्याच्यापुरतेच. म्हणून प्रत्येक ‘परंतु असे की’ दिसले, की बोटाने वर जाऊन ते कोणत्या वाक्याला लटकले आहे ते पाहावे.

या शेवटच्या मुद्द्याचा व्यावहारिक परिणाम फार मोठा होता. विद्यार्थ्याने पुढची भीती अशी व्यक्त केली होती : दुसऱ्यांदा कसूर केली म्हणून आता पैसे भरले तरी खोली जाणार काय? अध्यापक त्याला परंतुकाचे शब्द पुन्हा वाचावयास सांगतात. भाडेकरू ‘या पोटकलमाखालील लाभास’ हक्कदार नसतो, एवढेच तेथे आहे. कब्जाचे नवे कारण ते निर्माण करीत नाही. कारणांची यादी पोटकलम (१) च्या परंतुकात आहे आणि ती बंद आहे. त्यात ‘दुसऱ्यांदा भाडे थकविणे’ असा स्वतंत्र खंड नाही. तेव्हा दुसऱ्या वेळीही घरमालकाला खंड (ए) पहिल्यापासून सिद्ध करावा लागतो : नोटीस, तिची बजावणी, दोन महिने, आणि संपूर्ण थकबाकी दिलीही नाही व देऊही केली नाही हे. ती ९ जुलैच्या आत दिली गेली, तर खंड (ए) उभा राहत नाही. आणि तो उभाच राहिला नाही, तर १४(२) च्या लाभाची गरजही पडत नाही. ढाल हरवली आहे, पण वार झालाच नाही तर ढालीचे काम काय?

पुढे हिशेब आहे. थकबाकीचे उरलेले १,२०० रुपये, एप्रिलचे ६०० व मेचे ६००, असे २,४०० रुपये. हे याच आठवड्यात पाठवावेत. मुदतीच्या अखेरच्या दिवशी टपाल कोठे असेल याचा भरवसा नाही. पत्रात २० मे रोजीच्या ३,००० रुपयांचाही उल्लेख असावा. आणि नोटीस, जुना आदेश व हे सर्व कागद घेऊन तीस हजारीत भाड्याची प्रकरणे चालविणाऱ्या वकिलाकडे जावे, कारण कलम वाचता येणे आणि प्रकरण चालविता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

विद्यार्थ्याची आणखी एक शंका होती. नोटिशीच्या शेवटी मालकाने आपल्या मुलासाठी या खोल्या हव्या असल्याचे लिहिले होते. ते खंड (ई) मध्ये येते. हे कारण पैसे भरून टळत नाही, हे अध्यापक स्पष्टपणे सांगतात. त्यात भाड्याचा प्रश्नच नसतो. परंतु तेथेही ‘आणि’ हा शब्द पाहावा. मालकाला स्वतःसाठी किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयासाठी जागेची खरीखुरी गरज असली पाहिजे, तो जागेचा धनी असला पाहिजे, आणि त्याच्याकडे दुसरी योग्य जागा नसली पाहिजे. हे सारे एकत्र लागते. आदेश झालाच, तर १४(७) प्रमाणे त्यानंतर सहा महिने लोटल्याशिवाय कब्जा मिळत नाही. मात्र या कारणावरील अर्जाला कलम २५-ब ची झटपट कार्यपद्धती लागते. समन्स बजावल्यापासून पंधरा दिवसांच्या आत, बचाव करण्याची परवानगी शपथपत्रासह मागावी लागते. ती न मागितल्यास घरमालकाचे म्हणणे मान्य केल्याप्रमाणे होते. तेव्हा तसे समन्स आले, तर त्या दिवसाची तारीख पाकिटावरच लिहून ठेवावी, असे ते बजावतात.

खंड (ई) च्या बाबतीत छापील पुस्तकाने विद्यार्थ्याला चकविले होते. त्याच्या जुन्या प्रतीत हा खंड ‘निवासासाठी दिलेल्या जागे’पुरता होता आणि खाली एक स्पष्टीकरणही होते. १६ एप्रिल २००८ रोजी सत्यवती शर्मा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवासी आणि बिगरनिवासी जागांतील हा भेद घटनेच्या १४व्या अनुच्छेदाशी विसंगत ठरविला. ते मर्यादित करणारे शब्द आणि ते स्पष्टीकरण गळाले. तेव्हापासून दुकानाची जागाही या खंडाखाली मागता येते. विद्यार्थ्याच्या वडिलांची गलाईची भट्टी ज्या भाड्याच्या गाळ्यात आहे, त्यालाही हे लागू पडू शकते, हे त्या जुन्या प्रतीतून कोणाला कळले नसते. न्यायालयाने शब्द रद्द केले, तरी पदपथावरच्या पुस्तकातून ते कोणी खोडून जात नाही.

अशीच एक खूण खंड (बी) मध्ये आहे, आणि ती सांगण्याचा मोह अध्यापकांना आवरलेला नाही. तेथे ९ जून १९५२ रोजी किंवा त्यानंतर, मालकाच्या लेखी संमतीविना पोटभाडेकरू ठेवणे हे कारण म्हणून दिले आहे. १९५८ च्या कायद्यात १९५२ ची तारीख कशासाठी? फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्याने करोल बागेसारख्या वस्त्या भरून गेल्या होत्या आणि एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहत होती. ९ जून १९५२ हा या अधिनियमाच्या आधीच्या, दिल्ली व अजमेर यांच्यासाठी केलेल्या भाडे कायद्याच्या आरंभाचा दिवस. त्यापूर्वीच्या पोटभाड्याला एक मोजमाप, नंतरच्या पोटभाड्याला दुसरे, असे विधिमंडळाने ठरविले, आणि नवा कायदा करताना ती रेषा तेथेच राहू दिली. कलमातील तारीख निरर्थक वाटली, की ती कोणत्या दुसऱ्या कायद्याचा वाढदिवस आहे ते शोधावे, असे ते म्हणतात.

पत्राच्या अखेरीस ते २० मेच्या ३,००० रुपयांकडे परत येतात. त्या पैशांची पावती मालकाने ‘नंतर देतो’ म्हणून दिलेली नव्हती. भाडे भरणाऱ्या भाडेकरूला लेखी पावती मिळण्याचा हक्क २६व्या कलमाने दिला आहे, आणि ती न दिल्यास, भाडे दिल्याच्या दिनांकापासून दोन महिन्यांच्या आत नियंत्रकाकडे अर्ज केल्यावर, नियंत्रक मालकाला भाड्याच्या दुपटीपर्यंत नुकसानभरपाई देण्यास सांगू शकतो. ही मुदत निराळी आहे. ती ९ मे पासून नव्हे, २० मे पासून मोजावयाची आणि २० जुलै रोजी संपते. पावती आली नाही, तर ज्या शेजाऱ्यांदेखत पैसे दिले त्यांचे नाव व दिवस आजच लिहून ठेवावा, आणि वडिलांना विचारावे, की त्या दिवशी बँकेतून किती रक्कम काढली होती.